शब्द गळतात, चिन्ह उरते: नुसत्या '?' आणि '!' चा भाव कसा ओळखावा

प्रश्न: मी नाशिकमधील अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करते. आमचे साहेब व्हॉट्सअॅपवर कधी '?' तर कधी '???' एवढेच पाठवतात आणि ते चिडले आहेत का, याचा मी दिवसभर विचार करत बसते. उलट माझी मावशी आनंदाच्या बातमीलाही '!!!!' पाठवते आणि वाईट बातमीलाही. अशा नुसत्या चिन्हांचा अर्थ लावायचा कसा आणि त्यांना उत्तर काय द्यायचे?

उत्तर:

साहेब चिडले आहेत की नाही, हे प्रश्नचिन्हे मोजून कळणार नाही. ते चिन्ह कोणाच्या संदेशाखाली येऊन पडले आहे हे पाहिलेत, तर मात्र बहुतेक वेळा कळेल. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतील पर्यवेक्षकांना आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांना मी गेली अनेक वर्षे कामाच्या ठिकाणचे लेखन शिकवते. पूर्वी लोक माझ्याकडे अर्ज आणि अहवाल घेऊन येत. आता फोन उघडून संदेश दाखवतात, आणि त्यांतले सर्वांत जास्त गैरसमज लांब संदेशांमुळे नव्हे, तर ज्यात एकही अक्षर नाही अशा संदेशांमुळे झालेले असतात.

आधी हे संदेश व्याकरणाच्या दृष्टीने काय आहेत ते पाहू, कारण अर्थ लावण्याची पद्धत त्यातूनच निघते. विरामचिन्ह हे स्वतः शब्द नसते, ते शब्दांच्या शेवटी उभे राहते. त्यामुळे नुसते चिन्ह आले, तर त्याच्या आधीचा शब्द गळालेला आहे असे समजावे आणि तो परत बसवून पाहावा. प्रश्नचिन्हाच्या बाबतीत मराठीत गळालेला शब्द बहुधा चारांपैकी एक असतो: 'म्हणजे?', 'मग?', 'का?' किंवा 'खरंच?'. 'म्हणजे?' असेल तर समोरच्याला समजलेले नाही. 'मग?' असेल तर तो उत्तराची वाट पाहत आहे. 'का?' असेल तर त्याला कारण हवे आहे आणि बहुधा पटलेले नाही. 'खरंच?' असेल तर त्याचा विश्वास बसत नाही. या चारांतले पहिले दोन रागाचे नाहीत, तिसरा असू शकतो, आणि चौथ्यात आनंदही असू शकतो.

मराठी माणसाला हे नुसते चिन्ह इतके का टोचते, याचे कारण मला भाषेच्या इतिहासात दिसते. मोडीतल्या जुन्या पत्रांत प्रश्नचिन्ह नव्हते आणि उद्गारचिन्हही नव्हते. ही चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणाने छापील मराठीत आली आणि ती रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्याआधीही मराठी माणूस प्रश्न विचारतच होता. पण तो 'का', 'काय', 'ना', 'बरे', 'हो' अशा शब्दांनी विचारत होता, आणि आजही आपण बोलताना तेच करतो. 'बिल पाठवलंस का गं', 'बिल पाठवलंत ना', 'बिल पाठवलं का हो' या तिन्ही वाक्यांत माहिती एकच मागितली आहे, पण विचारणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे नाते प्रत्येक वाक्यात वेगळे आहे. मराठीत समोरच्याला उद्देशून क्रियापद वापरायचे तर 'तू' की 'तुम्ही' हे ठरवावेच लागते. नुसते '?' पाठवणारा यातले काहीच ठरवत नाही. आदर, आपुलकी, वयाचा मान हे सगळे ज्या छोट्या शब्दांत असते नेमके तेच शब्द गळतात, आणि मागे फक्त मागणी उरते.

म्हणूनच लहानाने मोठ्याला '???' पाठवले तर ते उद्धट वाटते, मग पाठवणाऱ्याच्या मनात काही असो वा नसो. आणि म्हणूनच काही जण ते मुद्दामही वापरतात. माझ्या एका वर्गात एक गृहस्थ होते. त्यांचा शाळेतला मित्र पुढे त्यांचाच विभागप्रमुख झाला. सर्वांसमोर त्याला 'तू' म्हणता येईना आणि 'तुम्ही' म्हणायला जीभ वळेना. ते त्याला काहीही विचारायचे झाले की कागदपत्राचा फोटो पाठवून खाली '?' ठेवत. तो विभागप्रमुख मात्र महिनोन्महिने असे समजत होता की हा आपल्यावर नाराज आहे.

आता जागेचा मुद्दा. चिन्हाच्या लगेच वर कोणाचा संदेश आहे, हे पाहणे ही पहिली पायरी. वर तुमचा संदेश असेल आणि त्याखाली साहेबांचे '?' आले असेल, तर ते तुमच्या संदेशाबद्दल बोलत आहेत. मग गळालेला शब्द 'म्हणजे', 'का' किंवा 'खरंच' यांपैकी असणार. वर साहेबांचाच संदेश असेल, तुम्ही त्याला उत्तर दिलेले नसेल आणि त्याखाली त्यांचेच '?' किंवा '???' असेल, तर ते स्वतःच्या अनुत्तरित प्रश्नाची आठवण करून देत आहेत. तिथे शब्द जवळजवळ नेहमी 'मग' हाच असतो. चिन्ह तेच, पण पहिल्या ठिकाणी ते तुम्ही जे लिहिले त्यावर आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तुम्ही जे लिहिले नाही त्यावर. तुम्ही मागच्या महिन्याभरातील साहेबांचे सगळे '???' शोधून त्यांच्या वर काय आहे ते तपासा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना असे तपासल्यावर दिसते की ज्याला ते राग समजत होते, त्यातला मोठा भाग निव्वळ 'मग?' होता.

पहिल्या प्रकारातला '?' जास्त अवघड असतो. संभाषणाचा अभ्यास करणारे लोक अशा उद्गारांना दुरुस्तीची सुरुवात म्हणतात: ऐकणाऱ्याला काहीतरी अडले आहे आणि बोलणाऱ्याने ते सुधारून पुन्हा सांगावे, असा त्याचा अर्थ. १९९७ मध्ये पॉल ड्र्यू यांनी यातला एक गट वेगळा काढून दाखवला. 'काय?' किंवा 'अं?' असे म्हणणारा काही अडले आहे एवढेच सांगतो, नेमके काय अडले आहे ते सांगत नाही. ऐकू आले नाही, समजले नाही, की पटले नाही, हे तिन्ही त्यात मावते. पुढे २०१३ मध्ये मार्क डिंगेमान्से, फ्रान्सिस्को टोरेइरा आणि निक एनफील्ड यांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या, वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा तपासून असे दाखवले की या कामासाठीचा लहानसा उद्गार त्या सर्वांत आश्चर्य वाटावे इतका सारखा आहे. आपला 'अं?' त्याच कुळातला आहे, आणि एकटे '?' म्हणजे लिहिलेला 'अं?' होय. फरक एवढाच, की समोरासमोर 'अं?' म्हणताना भुवई, आवाजाची पट्टी आणि पुढे झुकलेली मान सोबत असते, आणि समजले नाही की पटले नाही ते क्षणात कळते. पडद्यावर ते कळत नाही.

याचे एक उदाहरण तपशिलाने सांगते, कारण त्यात सगळे धागे एकत्र आलेले आहेत. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसचा तरुण पर्यवेक्षक आणि त्याला माल देणारे एक वयस्क बागायतदार यांच्यातला हा प्रसंग आहे. तो पर्यवेक्षक पुढे माझ्या वर्गात आला, तेव्हा त्याने तो मला दाखवला. बागायतदार काका रोज १२० क्रेट पाठवत असत. त्या दिवशीची देवाणघेवाण अशी होती:

सकाळी ६.०५, पर्यवेक्षक: काका आज कमी ४० क्रेट पाठवा
६.०९, काका: ?
६.३१, पर्यवेक्षक: वरून ऑर्डरच तशी आली आहे काका
६.३२, काका: ???
६.५०, पर्यवेक्षक: पटत नसेल तर साहेबांना फोन करा

यानंतर काकांकडून काहीच आले नाही. साडेनऊला टेम्पो आला, त्यात ८० क्रेट होते आणि पॅकहाऊसला हवे होते ४०. उरलेले ४० क्रेट उन्हात फाटकापाशी थांबले आणि शेवटी स्थानिक बाजारात कमी भावाने गेले. काकांच्या मते पोरगा उर्मट होता; पोराच्या मते काका विनाकारण भडकले होते.

मूळ संदेश पुन्हा वाचा. 'आज कमी ४० क्रेट पाठवा' याचे दोन अर्थ होतात: रोजच्यापेक्षा ४० कमी पाठवा, म्हणजे ८०, किंवा आज माल कमी हवा आहे, ४०च पाठवा. 'आज कमी, ४० क्रेट पाठवा' असा एक स्वल्पविराम पडला असता तरी दुसरा अर्थ स्पष्ट झाला असता. काकांना हा पेच चार मिनिटांत दिसला आणि त्यांनी '?' पाठवला. गळालेला शब्द होता 'म्हणजे'. पर्यवेक्षकाने तिथे 'का' बसवला. त्याने तसे का केले, हे मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की माल कमी घ्यायचा हे सांगतानाच त्याला संकोच वाटत होता आणि काका नाराज होतील असे त्याने धरूनच ठेवले होते. असे नेहमी होते. चिन्ह रिकामे असते आणि वाचणारा त्यात स्वतःच्या मनातली धास्ती भरतो.

आता दुसरे चिन्ह पाहा. ते पर्यवेक्षकाच्या उत्तरानंतर एका मिनिटात आले आणि एकाचे तीन झाले. पर्यवेक्षकाला ती वाढ रागाची वाटली. पण क्रम नीट पाहिला तर काकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आहे, आणि तीनदा यासाठी की पहिल्या वेळी दिलेले उत्तर त्या प्रश्नाचे नव्हते. उत्तर मिळूनही तेच चिन्ह वाढून परत आले, तर 'तुमच्या उत्तराने माझे अडलेले सुटले नाही' हा अर्थ सर्वांत आधी तपासावा. दुसरी खूण अशी: ज्याला पटलेले नसते त्याच्याकडे बोलायला पुष्कळ असते. आपला माल परत जाणार आणि नुकसान होणार असे काकांना वाटत असते, तर त्यांनी दोन ओळी तरी लिहिल्या असत्या किंवा फोन केला असता. ज्याला कळलेलेच नसते, त्याच्याकडे लिहायला चिन्हाशिवाय काही नसते. ही खूण माझ्या अनुभवात पुष्कळदा खरी ठरली आहे, पण एक अपवाद सांगायला हवा: पाठवणारा अधिकाराने खाली असेल, तर न पटल्याचे तो शब्दांत लिहीत नाही आणि त्याचा विरोधही '?' मध्येच येतो. काका पर्यवेक्षकाच्या हाताखाली नव्हते, म्हणून इथे ती खूण लागू पडली.

६.०९ ला उत्तर काय जायला हवे होते? 'काका, रोजचे १२० नकोत. आज फक्त ४० क्रेट पाठवा. ऑर्डर कमी आली आहे.' आधी तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत आणि आकड्यासकट पुन्हा सांगायची, कारण नंतर द्यायचे. 'म्हणजे?' विचारणाऱ्याला पहिल्या दोन वाक्यांत उत्तर मिळते, 'का?' विचारणाऱ्याला तिसऱ्यात. चिन्हाचा शब्द ओळखता आला नाही तरी हे उत्तर चुकत नाही. उलट क्रमाने, म्हणजे आधी कारण किंवा खुलासा दिला, तर ज्याला नुसते समजले नव्हते त्याला आपल्यावर आक्षेप घेतल्याचा आरोप झाल्यासारखे वाटते. ६.५० च्या संदेशाने काकांना नेमके तेच वाटले.

संख्येबद्दल लोक मला सर्वांत जास्त विचारतात, पण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. तीन चिन्हे म्हणजे तिप्पट राग, असे काही प्रमाण नाही. प्रत्येक माणसाची एक सवय असते आणि अर्थ त्या सवयीपासून तो किती दूर गेला यात असतो. तुमचे साहेब नेहमी '???' पाठवत असतील, तर ते त्यांचे साधे प्रश्नचिन्ह आहे. अशा माणसाने एखाद्या दिवशी पूर्ण वाक्य लिहून शेवटी पूर्णविराम दिला, तर तिथे थांबून विचार करावा. जे साहेब नेहमी एकच '?' देतात त्यांच्याकडून अचानक सहा आले, तर त्यांची घाई किंवा चीड वाढली आहे असे समजायला जागा आहे. शिवाय चिन्हाची कळ दाबून धरणे सोपे असते आणि बोट कधी कधी राहूनही जाते. दहा चिन्हांच्या ओळीत नेमकी दहाच असायला हवी होती असे कोणी ठरवलेले नसते.

नुसत्या चिन्हांचे अर्थ पक्के ठरलेले आहेत असे एक क्षेत्र मात्र आहे, आणि नाशिककरांना ते परके नाही, कारण ग्रँडमास्टर विदित गुजराथी याच शहरातले. बुद्धिबळाच्या डावावर टिपणे लिहिताना चालीपुढे '!' म्हणजे चांगली चाल, '!!' म्हणजे अप्रतिम चाल, '?' म्हणजे चूक आणि '??' म्हणजे घोडचूक. '!?' म्हणजे विचार करण्याजोगी धाडसी चाल, तर '?!' म्हणजे शंकास्पद चाल. तिथे चिन्हांची संख्याही मोजायची असते आणि क्रमही. बुद्धिबळाच्या वर्गाला जाणाऱ्या मुलाने वडिलांना गुणपत्रिकेचा फोटो पाठवला आणि वडिलांनी कौतुकाच्या भरात '?!' पाठवले, तर मुलगा ते 'शंकास्पद' असे वाचेल. डावाच्या टिपणात हे जमते, कारण चिन्ह नेमक्या एका चालीला चिकटलेले असते आणि लिहिणारा व वाचणारा दोघांनीही तो तक्ता आधी शिकलेला असतो. आपल्या संदेशांत या दोन्ही गोष्टी नसतात.

त्यातली एक गोष्ट मात्र आपण आणू शकतो. चिन्ह नेमक्या संदेशाला चिकटवता येते. व्हॉट्सअॅपमध्ये ज्या संदेशाबद्दल विचारायचे आहे तो उजवीकडे सरकवला की तो उत्तराच्या वर उद्धृत होतो, आणि मग '?' कशाबद्दल आहे याची शंका राहत नाही. दोन विषय एकाच वेळी चालू असलेल्या ग्रुपमध्ये हे फार गरजेचे आहे. एकाने लिहिले 'शनिवारी रजा हवी आहे', त्याच क्षणी दुसऱ्याने लिहिले 'मशीन पुन्हा बंद पडले', आणि साहेबांचा पहिल्याच्या आधीच्या संदेशासाठी टंकलेला '?' या सगळ्याखाली येऊन पडला, तर रजा मागणारा दुखावतो आणि मशीनवाला घाबरतो. दोघांचाही त्या चिन्हाशी संबंध नसतो.

वेळेचाही असाच घोटाळा होतो. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. इगतपुरी सोडून गाडी कसारा घाटात शिरली की बोगद्यांत संपर्क तुटतो आणि घाट उतरल्यावर अडकलेले संदेश एकदम येऊन पडतात. 'फाईल पाठवली का', त्याखाली '?', त्याखाली '????' असे तिन्ही एका क्षणात समोर आले, की पाठवणारा फार अधीर आहे असे वाटते; प्रत्यक्षात त्या तिन्हींमध्ये वीस-वीस मिनिटे गेलेली असतात. म्हणून अर्थ लावण्याआधी प्रत्येक संदेशासमोरची वेळ पाहावी. आणि तुम्ही स्वतः '???' पाठवण्याच्या बेतात असाल, तर आधी आपल्या मूळ संदेशासमोर किती टिक आहेत ते पाहावे. एकच टिक असेल, तर तो समोरच्या फोनपर्यंत पोहोचलेलाच नाही आणि तुमची आठवण त्याला अन्यायाची वाटेल. २०१४ च्या अखेरीस ब्लू टिक आल्यापासून 'मग?' ची धार वाढली आहे, हेही लक्षात ठेवावे: संदेश वाचला गेल्याचे दिसत असताना पाठवलेले '???' हे 'वाचूनही उत्तर नाही' असे बोलते.

आता तुमच्या मावशीकडे वळते. उद्गारचिन्ह प्रश्नचिन्हापेक्षा मोकळे असते. प्रश्नचिन्हाला निदान काहीतरी हवे असते. उद्गारचिन्हाला उत्तर नको असते, ते फक्त मनातली लाट दाखवते. त्यासाठी मराठी व्याकरणाने एक सुंदर सोय आधीच करून ठेवली आहे. शाळेत शिकलेली केवलप्रयोगी अव्यये आठवा: हर्षदर्शक 'वा', 'अहाहा', आश्चर्यदर्शक 'अबब', 'बापरे', 'अरेच्चा', शोकदर्शक 'अरेरे', 'हाय हाय', प्रशंसादर्शक 'शाब्बास', तिरस्कारदर्शक 'शी', 'छी', विरोधदर्शक 'छे', 'छट'. ही अव्यये वाक्याचा भाग नसतात, ती एकटी उभी राहतात आणि त्यांच्यामागे उद्गारचिन्ह येते. मावशीच्या '!!!!' मधून यांतलेच एक गळालेले आहे. ते परत बसवायचे झाले, तर तिने कशावर प्रतिक्रिया दिली ते पाहायचे. भाचीला नोकरी लागल्याच्या बातमीखाली 'वा' शिवाय दुसरे बसत नाही. कोणाच्या अपघाताच्या बातमीखाली 'अरेरे' किंवा 'बापरे' बसते. इथे चिन्ह अर्थ आणत नाही, बातमी त्याला अर्थ देते. म्हणून मावशी दोन्हीकडे एकच चिन्ह वापरते त्यात तिची चूक नाही. समोरासमोरही तिने दोन्हीकडे 'अगं बाई' असेच म्हटले असते, फक्त सूर बदलला असता.

अडचण येते ती बातमीच दुहेरी असेल तेव्हा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आले, यावरून नाशिकमध्ये पूर मोजतात, आणि तो फोटो तासाभरात सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर जातो. त्या फोटोखाली '!!!' आले तर ते 'अबब' असू शकते, 'बापरे' असू शकते, आणि या वर्षी पाण्याची चिंता मिटली म्हणून 'वा'सुद्धा असू शकते. ज्याचे दुकान पंचवटीत नदीकाठी आहे, त्याने टाकलेल्या फोटोखाली पुण्याच्या भाच्याने आनंदाचे '!!!' पाठवले, तर त्याला ते लागते. अशा ठिकाणी एकच शब्द पुरतो. 'बापरे!!!' लिहिले असते, तर कोणाला काही वाटले नसते.

उद्गारचिन्हांना रागाचे किंवा उतावळेपणाचे समजण्याची जी सवय काही जणांना असते, तिच्याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००६ मध्ये कॅरल वासेलेस्की यांनी इंग्रजीतील ईमेल-चर्चांमधील उद्गारचिन्हे तपासली, तेव्हा ती भडक भावना दाखवण्यासाठी क्वचित आणि स्नेह दाखवण्यासाठी वारंवार वापरलेली आढळली. तो अभ्यास वाक्यांच्या शेवटी येणाऱ्या चिन्हांचा होता, एकट्या चिन्हांचा नव्हता, आणि मराठीचाही नव्हता. पण मावशीच्या पिढीतल्या संदेशांत मलाही तेच दिसते. तिची चार चिन्हे म्हणजे 'मी वाचले आणि मला तुझ्याबद्दल काही वाटले' एवढे सांगण्याची धडपड असते. मराठी कीबोर्डवर जोडाक्षरे शोधत बसण्यापेक्षा तिला ते सोपे जाते.

कारखान्यात मात्र एकट्या '!' बाबत काळजी घ्यावी. पिवळ्या त्रिकोणातले काळे उद्गारचिन्ह ही धोक्याची सर्वसाधारण सूचना म्हणून कामगार रोज भिंतीवर आणि यंत्रावर पाहतात. उत्पादन विभागाच्या ग्रुपवर यंत्राच्या फोटोखाली कोणी कौतुकाने '!' टाकले, तर रात्रपाळीचा माणूस यंत्र थांबवायला धावू शकतो. माझ्या वर्गात मी हे एवढ्यासाठी आवर्जून सांगते की तिथे 'वा' आणि 'सावध' यांतला गोंधळ नुसता मनाला लागत नाही.

नुसते ठिपके किंवा एकटा पूर्णविराम यांच्याबद्दल थोडक्यात. '...' बहुधा 'काय बोलू' किंवा 'सोडून दे' असते आणि त्यात दुखावलेपण असण्याची शक्यता '???' पेक्षा जास्त असते, कारण प्रश्न विचारणारा अजून तुमच्याशी बोलत असतो, ठिपके देणारा थांबलेला असतो. एकटा '.' मात्र पुष्कळदा काहीच नसतो: नेटवर्क चालते का ते पाहण्यासाठी, किंवा चुकून पडलेला.

आता उत्तराचे. चिन्हाला चिन्हाने उत्तर देऊ नये, '???' ला '??' पाठवले की दोन्ही बाजूंचे शब्द गळतात आणि अंदाजाला मोकळे रान मिळते. 'चिडलात का सर?' असेही विचारू नये, कारण जो चिडला नव्हता त्यालाही आता आपल्या मनःस्थितीचा खुलासा करावा लागतो. तुम्ही गृहीत धरलेला शब्द आपल्या उत्तरात दिसेल असे लिहावे. साहेबांचा प्रश्न अनुत्तरित असताना '???' आले, तर 'सर, कोटेशन अजून आलेले नाही, पुरवठादाराने चार वाजेपर्यंत देतो म्हटले आहे, आले की लगेच पाठवते' असे लिहा. यात 'मग?' चे पूर्ण उत्तर आहे: काय झाले, का झाले आणि पुढचे कधी. उत्तर तयार नसेल तरी वेळ सांगता येते, आणि 'मग?' विचारणाऱ्याला बहुधा वेळच हवी असते. तुमच्या संदेशाखाली '?' आले, तर तीच गोष्ट आकडे आणि नावे घालून पुन्हा लिहा, आणि शेवटी एका ओळीत कारण द्या.

दोनदा असे करूनही पुन्हा चिन्हच आले, तर तिसरा संदेश लिहू नका, फोन करा. '६.३२ ला फोन केला असता तर अर्ध्या मिनिटात मिटले असते,' असे त्या पर्यवेक्षकाने वर्गात स्वतःच सांगितले. पुढच्या हंगामात त्याने काकांना पाठवायच्या संदेशाचा साचाच बदलला: 'काका, उद्या एकूण ४० क्रेट.' 'कमी' आणि 'जास्त' हे शब्द त्याने काढून टाकले आणि 'एकूण' हा एक शब्द घातला. त्यानंतर काकांकडून '?' आले ते एकदाच, आणि तेव्हा 'उद्या' म्हणजे पहाटेचा टेम्पो की दुपारचा, हे त्यांना विचारायचे होते.